पाचशे कोटी वर्षं आणि न साठणारी चूक

२००९ साली जाक लास्कर आणि मिकाएल गास्टिनो या फ्रेंच संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक निष्कर्ष मांडला. त्यांनी सूर्यमाला संगणकावर पाचशे कोटी वर्षं पुढे चालवून पाहिली होती, आणि तीही २५०१ वेळा. प्रत्येक वेळी बुधाच्या कक्षेची सुरुवात आधीच्यापेक्षा जेमतेम ०.३८ मिलिमीटरने वेगळी ठेवली होती. शंभरातल्या साधारण एका भविष्यात बुधाची कक्षा इतकी लांबट झाली, की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळू शकेल.

संगणक ग्रहाला सलग फिरवत नाही, एकेक पाऊल पुढे सरकवतो. इथे एक पाऊल होतं ०.०२५ वर्षांचं, म्हणजे सुमारे नऊ दिवसांचं. पाचशे कोटी वर्षांसाठी अशी वीस हजार कोटी पावलं लागतात आणि प्रत्येक पावलात थोडी चूक होतेच. मग या सगळ्या चुका साठून निकालच वाहून कसा गेला नाही? त्याचं कारण ‘सिम्प्लेक्टिक’ नावाच्या गणनपद्धतींमध्ये आहे.

आधी चुकीच्या वाटेने जाऊन पाहू. सूर्याभोवती फिरणारी एकटी पृथ्वी घ्या आणि एक दिवसाचं पाऊल ठेवा. सर्वांत सरळ रीत ऑयलरची: आत्ताच्या वेगाने पृथ्वीला दिवसभर पुढे न्यायचं, आणि आत्ताच्या जागी सूर्याची जी ओढ आहे तिने दिवसभराचा वेग बदलायचा. दोन्ही गोष्टी जुन्या माहितीवरून. यात खोट अशी, की वर्तुळावर फिरणारी वस्तू स्पर्शरेषेने सरळ गेली की ती नेहमी वर्तुळाच्या बाहेरच पडते, आत कधीच नाही. त्यामुळे प्रत्येक पाऊल ऊर्जा थोडी वाढवतं. वर्षभरात ही पृथ्वी सूर्यापासून पंधरा ते वीस टक्के दूर जाते आणि साधारण चार वर्षांत मंगळाच्या कक्षेपर्यंत पोचते.

आता एकच बदल करा. आधी वेग बदला, आणि जागा बदलताना जुना नव्हे, हा नवा वेग वापरा. बेरजा-गुणाकार तेवढेच, फक्त क्रम वेगळा. तरीही पृथ्वी कक्षा सोडत नाही.

असं का होतं, हे कक्षेपेक्षा सोप्या उदाहरणात, स्प्रिंगला टांगलेल्या वजनात, कागदावर सिद्ध करता येतं. एकके अशी निवडू, की x हे मध्यापासूनचं अंतर, v हा वेग, मागे खेचणारी ओढ x इतकीच आणि ऊर्जा x² + v² च्या प्रमाणात. पावलाची लांबी h. सुधारलेली रीत अशी:

```
v = v - h*x
x = x + h*v
```

ऑयलरच्या मूळ रीतीत ऊर्जा दर पावलाला (1 + h²) पट होते. h = 0.1 घेतलं, तर एका पावलात एक टक्का वाढ होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार पावलांनंतर ऊर्जा वीस हजार पटींहून जास्त झालेली असते.

सुधारलेल्या रीतीत x² + v² ही राशीही कायम राहत नाही. पण x² + v² − h·x·v ही राशी कायम राहते, आणि तीही अंदाजे नव्हे, तंतोतंत. वरच्या दोन ओळी तिच्यात घालून कुणीही ते पडताळू शकेल. याचा अर्थ असा, की x आणि v च्या आलेखावर खरी गती वर्तुळावर चालते, तर संगणकातली गती किंचित कललेल्या लंबवर्तुळावर. वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांत फरक आहे, पण लंबवर्तुळ बंद आहे. त्याच्यावरून फिरणारा बिंदू कितीही कोटी फेऱ्या मारो, त्याला बाहेर पडायला वाटच नाही. h = 0.1 असताना ऊर्जा सुरुवातीच्या किमतीभोवती सुमारे पाच टक्के वर-खाली होते आणि पुन्हा मूळ जागी येते.

सगळ्या सिम्प्लेक्टिक पद्धतींचं मर्म हेच आहे. त्या आपल्या प्रश्नाचं उत्तर किंचित चुकीचं देतात, पण किंचित वेगळ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास अचूक देतात. त्या वेगळ्या, छायेसारख्या प्रश्नाची स्वतःची ऊर्जा असते आणि ती टिकून राहते. खरी ऊर्जा तिच्या जवळच असल्यामुळे तिला मर्यादेबाहेर भरकटता येत नाही. हे घडतं, कारण या पद्धती जागा आणि वेग यांच्या आलेखावरचं क्षेत्रफळ राखतात. ऑयलरची मूळ रीत तेच क्षेत्रफळ दर पावलाला फुगवते. ग्रहांच्या बाबतीत छायेतली ऊर्जा अशा एका ओळीत मांडता येत नाही आणि ती तंतोतंतही टिकत नाही. पण पाऊल पुरेसं लहान असेल, तर अतिदीर्घ काळ हा हिशेब लागू राहतो.

प्रत्यक्षात वेगाचा बदल दोन अर्ध्यांत विभागून पावलाच्या आधी आणि नंतर देतात. ही ‘लीपफ्रॉग’ पद्धत. एक दिवसाच्या पावलाने ती पृथ्वीच्या ऊर्जेतली चूक लाखात एका भागाहून कमी ठेवते. १९९१ मध्ये जॅक विज्डम आणि मॅथ्यू होल्मन यांनी आणखी एक युक्ती काढली. ग्रह मुख्यतः सूर्याभोवतीच फिरतो, म्हणून गतीचा तेवढा भाग केप्लरच्या सूत्रांनी अचूक सोडवायचा आणि ग्रहांची एकमेकांवरची ओढ तेवढी अधूनमधून धक्क्यांनी द्यायची. गुरूचं वस्तुमानही सूर्याच्या हजाराव्या भागाइतकंच असल्यामुळे चूकही त्या प्रमाणात घटते. या रीतीने त्यांनी बाहेरचे ग्रह आणि प्लूटो ११० कोटी वर्षं चालवले.

पण या पद्धतीच्या अटी आहेत. पावलाची लांबी कायम हवी. ग्रह सूर्याजवळ आला म्हणून पाऊल आपोआप लहान केलं, की दर वेळी छायेचा प्रश्नच बदलतो. मग टिकून राहायला एकच ऊर्जा उरत नाही आणि चूक पुन्हा साठू लागते. उलट, बुधाची कक्षा लांबट झाली की सूर्याजवळच्या वेगवान वळणासाठी नऊ दिवसांचं पाऊल फार मोठं पडतं. म्हणून लास्कर आणि गास्टिनो यांनी कक्षेची विकेंद्रता ०.४ च्या पुढे गेल्यावर पाऊल लहान केलं. असा बदल क्वचित केला तर चालतो, दर पावलाला नाही.

गणना नीट चालली आहे की नाही, हे ओळखायला ऊर्जेतल्या चुकीचा काळाबरोबरचा आलेख काढतात. तो आडव्या पट्ट्यात वर-खाली होत असेल, तर पद्धत आपलं काम करते आहे. एकाच दिशेने चढत किंवा उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. प्रसिद्ध रुंगे-कुट्टा पद्धतीत अशी गळती दिसते. तिची एका पावलातली चूक लीपफ्रॉगपेक्षा पुष्कळ लहान, पण दर फेरीला एकाच दिशेने पडणारी, त्यामुळे कोट्यवधी फेऱ्यांत ती मोठी होते. दुसरी कसोटी म्हणजे पाऊल निम्मं करून पाहणं: लीपफ्रॉगचा पट्टा साधारण एक चतुर्थांश व्हायला हवा.

मात्र पट्टा आडवा राहिला, म्हणून ग्रह नेमका जागेवर आहे असं नव्हे. छायेतल्या कक्षेचा फेरा खऱ्याहून किंचित वेगळ्या वेळात पुरा होतो, त्यामुळे ग्रह कक्षेवर हळूहळू पुढे किंवा मागे पडत जातो. शिवाय सूर्यमाला अराजकी आहे आणि तिथे सुरुवातीचा मिलिमीटरभर फरकही कोट्यवधी वर्षांत सगळं चित्र बदलतो. सिम्प्लेक्टिक पद्धत हे टाळू शकत नाही. ती एवढीच हमी देते, की बुधाची कक्षा लांबली तर ती ग्रहांच्या ओढीमुळे लांबली, हिशेबातून झिरपलेल्या खोट्या ऊर्जेमुळे नव्हे. म्हणूनच त्या दोन संशोधकांनी एकाच भविष्याची तारीख सांगितली नाही. त्यांनी २५०१ भविष्यं मोजली आणि शंभरात एक ही शक्यता सांगितली.