गिम्बल लॉक आणि क्वाटर्निऑन

त्रिमितीय ॲनिमेशनमध्ये एखादी वस्तू कोणत्या दिशेला वळली आहे हे बहुधा X, Y आणि Z या तीन अक्षांभोवतीच्या तीन कोनांनी सांगतात. त्यांना ऑयलर कोन म्हणतात. ही तिन्ही वळणे एकाच वेळी नव्हे, तर ठरलेल्या क्रमाने घडतात. XYZ या क्रमात आधी X, मग Y आणि शेवटी Z भोवती वस्तू फिरते. गिम्बल लॉकचे मूळ या क्रमातच आहे.

मधला कोन, म्हणजे Y, 90 अंशांवर पोहोचला की वस्तूचा X अक्ष फिरून Z अक्षाच्याच रेषेत येतो. आता X वाढवला काय किंवा Z वाढवला काय, वस्तू त्याच एका रेषेभोवती फिरते. दोन्ही 30 अंशांनी वाढवले, तर एक वळण दुसऱ्याला खोडते आणि वस्तू जागची हलत नाही. कोन तीन असले तरी वळण्याच्या दिशा दोनच उरतात. हे नाव यंत्रांतून आले. एकात एक बसवलेल्या फिरत्या कड्यांना गिम्बल म्हणतात आणि त्यांतल्या दोन कड्यांचे अक्ष जुळले की तीच अडचण येते. अपोलो यानांच्या दिशादर्शक यंत्रणेत अशी तीन कडी होती. मधल्या कड्याचा कोन 70 अंशांपलीकडे गेला की धोक्याचा दिवा लागत असे.

ॲनिमेशनमध्ये मात्र काही अडकलेले दिसत नाही, दिसते ती विचित्र उसळी. चालणाऱ्या पात्राचा हात हे त्याचे साधे उदाहरण. हात समोर आडवा धरलेला असताना तिन्ही कोन शून्य आहेत आणि Y वाढला की तो खाली येतो, असे समजू. पहिल्या कीफ्रेमला Y 60 आहे, म्हणजे हात पुढे-खाली आहे. दुसऱ्या कीफ्रेमला तो 120 हवा, म्हणजे हात मागे-खाली जायला हवा. मधोमध Y 90 होऊन हात सरळ खाली लोंबायला हवा.

पण (0, 120, 0) ही स्थिती (180, 60, 180) अशीही लिहिता येते. दोन्हींत हात अगदी त्याच जागी, त्याच पिळात असतो. मोशन कॅप्चरच्या नोंदींतून कोन काढताना मधला कोन सहसा उणे 90 ते अधिक 90 च्या आत ठेवतात, म्हणून दुसरे रूप पुढे येते. सॉफ्टवेअर प्रत्येक कर्व्ह स्वतंत्रपणे भरते, त्यामुळे मधल्या फ्रेमला (90, 60, 90) मिळते. हात सरळ खाली न येता 30 अंश बाजूला फेकला जातो. ग्राफ एडिटरमध्ये ही खूण स्पष्ट दिसते: X आणि Z चे कर्व्ह एकाच ठिकाणी 180 अंशांची उडी घेतात आणि Y चा कर्व्ह 90 च्या अलीकडेच अडतो.

क्वाटर्निऑन ही पद्धत आयरिश गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी 1843 मध्ये शोधली. केन शूमेक यांनी 1985 मध्ये ती संगणकीय ॲनिमेशनमध्ये आणली. यात वळणाचे तीन तुकडे करत नाहीत. कोणत्या एका अक्षाभोवती किती वळले, एवढेच w, x, y, z या चार संख्यांत नोंदतात. w म्हणजे अर्ध्या कोनाचा कोसाइन. उरलेल्या तिन्हींत अक्षाची दिशा अर्ध्या कोनाच्या साइनने गुणलेली असते. क्रमच नसल्याने मधला अक्ष नाही, आणि म्हणून लॉकही नाही.

त्याच हाताची 60 अंशांची स्थिती (0.866, 0, 0.5, 0) आणि 120 अंशांची (0.5, 0, 0.866, 0) होते. दोन्हींची सरासरी (0.683, 0, 0.683, 0) येते. तिची लांबी पुन्हा 1 केली की (0.707, 0, 0.707, 0) मिळते. हेच बरोबर 90 अंशांचे वळण आहे. हात सरळ खाली येतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. चारही संख्यांची चिन्हे उलटी केली तरी वळण तेच राहते. दुसरी कीफ्रेम (-0.5, 0, -0.866, 0) अशी नोंदली गेली, तर मधोमध हात सरळ वर जातो, कारण तो 60 अंशांऐवजी उलट बाजूने 300 अंश फिरतो. म्हणून लागोपाठच्या दोन कीफ्रेममधील जुळत्या संख्यांच्या गुणाकारांची बेरीज पाहतात. ती ऋण आली, तर एकीची चिन्हे बदलतात.

क्वाटर्निऑन सगळीकडे सोयीचे नाहीत. जवळचीच वाट धरत असल्याने दोन कीफ्रेममध्ये चाकाच्या तीन पूर्ण फेऱ्या ते सांगू शकत नाहीत. शिवाय त्यांचे चार कर्व्ह पाहून कोन ओळखता येत नाही, त्यामुळे ते हाताने सुधारणे अवघड जाते. चाक, दार किंवा बिजागरीसारख्या एकाच अक्षावरच्या हालचालीला ऑयलर कोनच बरे पडतात. ऑयलर ठेवायचेच असतील, तर जो अक्ष 90 अंशांपर्यंत क्वचितच जाईल तो क्रमात मध्ये ठेवतात. वरच्या उदाहरणात Y ला मध्याऐवजी टोकाला ठेवले, तर हात 90 अंशांतून विनाअडथळा जातो.