फोटोत न आलेलं व्हाउचर

पूर्वी अंतर्गत लेखापरीक्षण म्हटलं की ऑडिटर शाखेत जायचा आणि व्हाउचरांची जाडजूड फाइल त्याच्या टेबलावर यायची. आता अनेक संस्थांमध्ये शाखेतला कारकून प्रत्येक व्हाउचरचा आणि त्याला जोडलेल्या बिलाचा मोबाइलवर फोटो काढून मुख्य कार्यालयाला पाठवतो आणि तपासणी तिथे बसूनच होते. यात प्रवास वाचतो आणि वर्षाच्या शेवटी होणारं काम दर महिन्याला होऊ शकतं. पण एक गोष्ट हातची जाते. पुस्तकातलं पान फाडलं असेल तर शिवणीपाशी त्याचा तुकडा उरतो, आणि बोटाला तो आपोआप लागतो. फोटोत प्रत्येक व्हाउचर सुटं होऊन येतं आणि मधलं एखादं आलंच नाही, तर त्याची काहीच खूण राहत नाही. म्हणून आलेल्या फोटोंवर बरोबरच्या खुणा करत बसण्याआधी न आलेले शोधावेत, असं माझं ठाम मत आहे.

समजा, एका शिक्षणसंस्थेची तालुक्याच्या गावी शाळा आहे आणि तिथल्या ऑक्टोबर २०२४च्या रोख खर्चाची तपासणी चालू आहे. शाळेने ५५ फोटो पाठवले आहेत. आता हा महिना कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहे, हे फोटोंवरून ठरवायचं नाही. सप्टेंबरचं शेवटचं व्हाउचर ३०० होतं, हे मागच्या तपासणीच्या कागदांत असतं. शेवट कळण्यासाठी शाळेकडून पुस्तकातल्या पहिल्या कोऱ्या पानाचा फोटो मागवायचा. त्यावर ३५९ छापलेलं आहे. म्हणजे महिना ३०१ ते ३५८, एकूण ५८ व्हाउचरं. कोऱ्या पानाचा फोटो मागायला बरेच जण विसरतात आणि मग शेवटची दोनतीन पानं गायब असली तरी मालिका सलग वाटते. एकाच वेळी दुसरं पुस्तक वापरात आहे का, हेही इथेच विचारून घ्यावं.

क्रमांकांची यादी करून फोटो जुळवले की दिसतं, ३३६चा फोटो दोनदा आला आहे. म्हणजे खरी व्हाउचरं ५४. नाहीत ती ३१७, ३२९, ३३० आणि ३४४. आता कॅशबुक उघडायचं. तिथे ५६ नोंदी आहेत. ३२९ आणि ३३० यांच्या नोंदी आहेत, फक्त फोटो नाहीत. ३१७ आणि ३४४ यांची नोंदच नाही. फोटो नसणं आणि नोंदही नसणं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि त्यांचे प्रश्नही वेगळे विचारायचे असतात.

३१७चा उलगडा लवकर होतो. नाव चुकलं म्हणून ते रद्द केलं होतं आणि दोन आडव्या रेघा मारलेली मूळ प्रत पुस्तकातच आहे. रद्द व्हाउचर फाडून टाकायचं नसतं, ते याच दिवसासाठी. ३२९ आणि ३३० मागवल्यावर येतात तेव्हा मात्र थांबावं लागतं. दोन्ही एकाच तारखेची, एकाच दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची आहेत. एक ४,८०० रुपयांचं, दुसरं ४,६५० रुपयांचं. बिल मागितलं तर एकच निघतं, ९,४५० रुपयांचं. संस्थेच्या नियमाप्रमाणे ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च मुख्याध्यापक मंजूर करू शकतात, त्यापुढे सचिवांची सही लागते. रक्कम दोन तुकड्यांत गेल्यामुळे सचिवांपर्यंत कागद गेलाच नाही. ५,००० रुपयांवरच्या पावतीला लागणारं एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्पसुद्धा लागलं नाही. काम खरोखर झालं असेल, पैसेही योग्य माणसाला मिळाले असतील, तरी मंजुरीची मर्यादा ओलांडली गेली, एवढं या कागदांवरूनच सिद्ध होतं. ते तेवढंच लिहावं.

सही तपासताना ‘सही आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. व्हाउचरवर साधारण चार जागा असतात: तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा आणि पैसे घेणारा. तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच असेल, तर दुसऱ्या सहीला अर्थ उरत नाही. शेजारी ठेवायला सह्यांचे नमुने आणि हजेरीपत्रक हवं. मुख्याध्यापक १७ आणि १८ ऑक्टोबरला बाहेरगावी प्रशिक्षणाला होते आणि त्या दोन दिवसांची तारीख घातलेल्या मंजुऱ्या फोटोत दिसल्या, तर त्या सह्या आधी कोऱ्या कागदावर झाल्या की नंतर मागची तारीख टाकून झाल्या, हे विचारावंच लागतं. हाताने केलेल्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या उमटत नाहीत. दोन फोटोंतल्या सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेघेवर रेघ बसली, तर तो रबरी शिक्का आहे किंवा चित्र चिकटवलेलं आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी मूळ कागद मागवावा. कडा कापलेल्या फोटोचंही तसंच. ज्या बाजूला क्रमांक किंवा सही असायला हवी, नेमकी तीच बाजू चौकटीबाहेर असेल, तर फोटो परत काढायला सांगावा, अंदाजाने मान्य करू नये.

फोटोच्या तारखेवरही विसंबता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलचं नाव IMG-20241031-WA0012.jpg असं असलं, तरी त्यातली तारीख व्हाउचर केलं त्या दिवसाची असेलच असं नाही. मात्र सगळ्या फाइलींवर महिन्याच्या शेवटच्या दिवसाचीच तारीख असेल, तर फोटो रोजच्या रोज पाठवले गेले नाहीत, एवढं त्यातून नक्की कळतं.

बिलांची तपासणी मला सर्वांत वेळखाऊ वाटते, आणि तो वेळ द्यायला हवा. बिल संस्थेच्या नावाचं आहे का, तारीख व्हाउचरच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे का, बिलाऐवजी नुसतं कोटेशन तर जोडलेलं नाही ना, हे पाहून होतं. खरी अडचण एकच बिल दोनदा वापरलं जाण्याची. कागदावर ‘रक्कम दिली’ असा शिक्का मारला की बिल पुन्हा वापरता येत नाही. शिक्का नसेल, तर तेच नळदुरुस्तीचं बिल ३०८ला सरळ आणि ३५२ला घडी घालून जोडता येतं. नजरेला ती दोन वेगळी बिलं वाटतात. म्हणून प्रत्येक बिलाचा विक्रेता, क्रमांक, तारीख आणि रक्कम एका तक्त्यात लिहून तो विक्रेत्याप्रमाणे लावावा. दुबार बिल लगेच शेजारी येतं. त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट उघड होते. एका स्टेशनरी दुकानाचं ५ ऑक्टोबरचं बिल क्रमांक ६१ आणि २६ ऑक्टोबरचं क्रमांक ६२. चालू दुकानाने तीन आठवड्यांत एकच बिल फाडलं असेल, तर त्या बिलबुकाबद्दल दुकानदाराकडे चौकशी करणं भाग आहे.

फोटोला काही गोष्टी दाखवताच येत नाहीत. मागची बाजू दिसत नाही, शाई बदलून केलेली खाडाखोड कधी पुसट होते, पेट्रोलपंपाची पावती काही महिन्यांत उडून कोरी होते. त्या पावतीपुरता फोटो मूळ कागदापेक्षा टिकाऊ ठरतो, पण इतर ठिकाणी दर तिमाहीला काही मूळ व्हाउचरं शाखेत जाऊन पाहिल्याशिवाय मी फोटोवर काढलेला निष्कर्ष कायम करणार नाही.

राहिलं ३४४. पुस्तकात पान नाही, स्थळप्रत कोरी आहे आणि कारकुनाला आठवत नाही. ३४३ आणि ३४५ या दोन्हींवर २२ ऑक्टोबरची तारीख आहे, म्हणून त्या दिवसाची कॅशबुकातली शिल्लक आणि रोख मोजणीची नोंद ताडून पाहिली. दोन्ही जुळतात. यावरून चोरी झाली असं म्हणता येत नाही आणि काहीच झालं नाही असंही म्हणता येत नाही. सही केलेलं कोरं व्हाउचर बाहेर असेल, तर ते पुढच्या कुठल्याही महिन्यात उगवू शकतं. अहवालात लिहायचं ते असं: व्हाउचर ३४४ उपलब्ध नाही, नोंद नाही, खुलासा मिळाला नाही, हा क्रमांक रद्द असल्याचं सचिवांच्या सहीने नोंदवावं, रोखपालाला लेखी कळवावं आणि त्यावर यापुढे पैसे देऊ नयेत.