वर्गाची भिंत रंगवताना: अक्षराचं वळण आधी, सजावट नंतर

जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘बोलक्या भिंती’ आता नवीन राहिलेल्या नाहीत. लोकवर्गणी जमते, पेंटर येतो आणि दोन दिवसांत पहिलीचा वर्ग रंगीबेरंगी होतो. पाहुण्यांना भिंत आवडते. पण पहिलीतलं मूल त्या भिंतीवरून लिहायला शिकणार असतं. ते रंग पाहत नाही, रेघ कुठून निघाली आणि कुठे वळली ते पाहतं.

सगळ्यात जास्त घोटाळा शिरोरेघेत होतो. ओळ सरळ यावी म्हणून पेंटर दोरीने सूत मारतो आणि त्या सुतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा ओढतो. दुकानाच्या पाटीवर हे खपतं, कारण वाचणाऱ्याला शब्द आधीच माहीत असतो. वर्णमालेत मात्र ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते. ती जोडली, की ध चा घ होतो, भ म सारखा दिसू लागतो आणि थ य कडे झुकतो. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. मूल मात्र वहीत ‘धर’ लिहायला जातं आणि ‘घर’ लिहून मोकळं होतं. म्हणून शिरोरेघ प्रत्येक अक्षराची वेगळी आणि सगळ्यात शेवटी काढावी. ख चंही तसंच. त्याचे दोन भाग खाली जोडलेले नसतील, तर मूल ‘रव’ वाचतं.

दुसरा प्रश्न ल आणि श चा. संगणकावरून अक्षरं छापून आणली, तर अनेक फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हेच प्रमाण मानले आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयानेही तेच सांगितलं आहे. वर्णमालेत पाकळीचा ल आणि दारावरच्या ‘शाळा’ शब्दात वेगळाच श, असं होऊ नये. अंकांतही ५, ८ आणि ९ ची वळणं जागोजागी बदलतात. बालभारतीच्या पुस्तकात जे वळण आहे, तेच सगळ्या भिंतींवर हवं.

तिसरी गोष्ट जाडीची. चपट्या ब्रशने काढलेलं, कुठे जाड कुठे बारीक अक्षर सुंदर दिसतं, पण मुलाच्या हातात पेन्सिल असते आणि तिची रेघ सगळीकडे सारखी उमटते. भिंतीवरही रेघ एकाच जाडीची असावी. पाच इंच उंचीच्या अक्षराला पाऊण इंच जाडी पुरते. सावली, दुहेरी कडा किंवा अक्षराला लावलेले डोळे-पाय टाळावेत. रेघ जिथून सुरू होते तिथे एक ठिपका आणि दिशेचा छोटा बाण मात्र जरूर द्यावा.

आता मांडणी. चौतीस व्यंजनं वर्गाप्रमाणे पाच-पाचच्या ओळींत लिहिली, तर सात ओळी होतात आणि क वर्ग थेट मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवर जातो. त्याऐवजी एका ओळीत दोन वर्ग घ्यावेत: पहिलीत क आणि च, दुसरीत ट आणि त, तिसरीत प वर्गापुढे य र ल व, चौथीत श ष स ह ळ आणि क्ष ज्ञ. प्रत्येक अक्षराला एक फूट रुंद आणि नऊ इंच उंच घर दिलं, की सगळं दहा फूट रुंद आणि तीन फूट उंच जागेत बसतं. जमिनीपासून दीड फुटावर सुरुवात केली, तर साडेचार फुटांवर संपतं. सहा वर्षांचं मूल उभं राहून सगळ्यात वरच्या अक्षरावरूनही बोट फिरवू शकतं. अक्षराशेजारी चित्र काढायचं, तर मुलं त्या वस्तूला काय म्हणतात ते आधी विचारावं. ग साठी गवत काढलं आणि मुलं त्याला ‘चारा’ म्हणाली, तर ते चित्र फुकट गेलं.

मुलांचे हात लागणार आणि भिंत ओल्या फडक्याने पुसली जाणार, म्हणून खालच्या पट्ट्याला ऑइल पेंट बरा, पण बिनचमकीचा. खिडकीसमोरच्या चकचकीत भिंतीवर उजेड पडला, की अक्षर दिसेनासं होतं. फिक्या पिवळसर पार्श्वभूमीवर गडद निळं किंवा काळं अक्षर घ्यावं. ओल असलेल्या भिंतीवर कितीही चांगला रंग लावा, पावसाळ्यात पोपडे निघणारच. आधी ओल बंद करावी, भिंत खरवडून घासून घ्यावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काम उरकावं.

प्रत्येक अक्षर आधी कागदावर खऱ्या मापात काढून शिक्षकांनी तपासावं. मग रेघेवर सुईने भोकं पाडून, गेरूच्या पुरचुंडीने ते भिंतीवर उतरवता येतं. काम झाल्यावर चित्रं पुठ्ठ्याने झाकावीत आणि मुलांना ध, घ, भ, म उलटसुलट विचारावेत. मुलं अडखळली, तर ब्रश पुन्हा हाती घ्यावा. आणि पुढच्या वेळी पेंटरला बोलावताना रंगाच्या डब्यासोबत पहिलीचं पुस्तकही त्याच्या हाती द्यावं.