व्हीपीएन जोडलंय, मग सर्व्हर का दिसत नाही?

घरून काम करताना व्हीपीएन जोडलं जातं, हिरवी खूण दिसते, ईमेलही येतात. पण ऑफिसच्या सर्व्हरवरचं फोल्डर काही केल्या उघडत नाही. आयटीवाले म्हणतात सर्व्हर चालू आहे, ब्रॉडबँडवाला म्हणतो नेट चालू आहे. दोघंही खरंच बोलत असतात.

गोची पत्त्यांची असते. घरांत आणि ऑफिसांत आतल्या आत वापरण्यासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत; 1996 च्या आरएफसी 1918 या दस्तऐवजात ते दिलेत. 192.168 ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरावेत. म्हणजे 'ए विंग, 302' हा पत्ता जसा प्रत्येक सोसायटीत असतो, तसंच हे. त्यातून बरेच राऊटर कारखान्यातूनच 192.168.0 किंवा 192.168.1 लावून येतात, आणि छोट्या ऑफिसातही तेच तसंच राहून जातं.

समजा, घरी तुमच्या लॅपटॉपला 192.168.1.7 मिळालाय आणि ऑफिसचा सर्व्हर आहे 192.168.1.20. पहिले तीन आकडे सारखे, म्हणून लॅपटॉप समजतो की हे यंत्र घरातलंच आहे. मग व्हीपीएनच्या वाटेला न जाता तो घरच्या वायफायवरच विचारत बसतो, '20 कोण आहे?' कोणीच बोलत नाही. घरच्या प्रिंटरला नेमका तोच पत्ता मिळाला असेल, तर तो मात्र उत्तर देतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

हे ओळखायचं कसं? विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्व्हरला पिंग करा. बऱ्याचदा असं दिसतं:

```
ping 192.168.1.20
Reply from 192.168.1.7: Destination host unreachable.
```

नीट पाहा, उत्तर तुमच्याच लॅपटॉपकडून आलंय. निरोप घराबाहेर पडलेलाच नाही. आता मोबाइलचा हॉटस्पॉट लावून व्हीपीएन जोडा. फोल्डर उघडलं, तर दोष घरच्या पत्त्यांचाच समजा.

इलाज घरच्या राऊटरमध्ये आहे. त्याच्या लॅन सेटिंगमध्ये 192.168.1.1 च्या जागी, उदाहरणार्थ, 192.168.87.1 लिहायचं. 10 ने सुरू होणारे पत्ते टाळलेले बरे, मोठ्या कंपन्यांत तेच जास्त असतात. राऊटर पुन्हा सुरू झाला की फोन, टीव्ही आपोआप नवे पत्ते घेतात. हाताने पत्ता दिलेला प्रिंटर किंवा कॅमेरा मात्र तुम्हालाच बदलावा लागतो. राऊटरचं पानही यापुढे नव्या पत्त्यावरच उघडेल, तेव्हा तो लिहून ठेवा.

खरं तर हे निस्तरायला हवं ऑफिसने. पण तिथे पत्ते बदलायचे म्हणजे प्रत्येक सर्व्हर आणि प्रिंटरला हात लावायचा, म्हणून ते पुढे ढकललं जातं. तुम्ही नवं ऑफिस थाटत असाल, तर नेटवर्क लावणाऱ्याला आधीच सांगा: 192.168.0 आणि 192.168.1 सोडून दुसरं काहीतरी घे.