चिकटवलेला मजकूर ऐकत का नाही?

लिबरऑफिस रायटरमध्ये वेबसाइटवरचा परिच्छेद चिकटवला की त्याच्यासोबत तिथला फॉन्ट आणि आकारही येतो. तो थेट अक्षरांना जडलेला असतो आणि स्टाइलपेक्षा वरचढ ठरतो. म्हणून स्टाइलमध्ये आकार 12 वरून 14 केला, तर बाकी मजकूर बदलतो, हा परिच्छेद मात्र ढिम्म राहतो. हीच त्याची खूण. तो परिच्छेद निवडून Ctrl+M दाबा. थेट दिलेले रूप पुसले जाऊन स्टाइल लागू होते. मात्र हाताने केलेले ठळक आणि तिरपे शब्दही साधे होतात, ते पुन्हा करावे लागतात. त्यापेक्षा चिकटवतानाच Ctrl+Alt+Shift+V वापरा. नुसता मजकूरच येईल.