पद्धती दोन, रोकड एकच

रोख प्रवाह पत्रक प्रत्यक्ष पद्धतीने मांडले की एक आकडा येतो आणि अप्रत्यक्ष पद्धतीने मांडले की दुसरा, असा समज वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांतच नव्हे, तर हिशेब वाचणाऱ्या अनेक व्यावसायिकांतही पक्का असतो. त्यालाच जोडून दुसरा समज येतो: प्रत्यक्ष पद्धत खरी आणि अप्रत्यक्ष म्हणजे नफ्यावरून बांधलेला अंदाज. कल्पित उदाहरणासाठी विजेच्या सामानाचा एक घाऊक व्यापारी घेऊ आणि आयकर बाजूला ठेवू. वर्षाची विक्री ५० लाख, विकलेल्या मालाची किंमत ३२ लाख, पगार-भाडे वगैरे खर्च ९ लाख, घसारा ३ लाख, म्हणजे नफा ६ लाख. वर्षभरात गिऱ्हाइकांकडची येणी ६ लाखांवरून १० लाखांवर गेली, गोदामातला माल २ लाखांनी वाढला आणि माल पुरवणाऱ्यांची देणी १ लाखाने वाढली.

प्रत्यक्ष पद्धत प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे रोखीत आणते. विक्री ५० लाखांची, पण ४ लाखांची उधारी वाढली, तेव्हा वसुली ४६ लाख. विकलेला माल ३२ लाखांचा आणि साठा २ लाखांनी वाढलेला, म्हणजे खरेदी ३४ लाख. त्यातले १ लाख अजून द्यायचे आहेत, म्हणून पुरवठादारांना प्रत्यक्ष दिले ३३ लाख. खर्चापोटी ९ लाख गेले. ४६ मधून ३३ आणि ९ वजा केले की उरतात ४ लाख. अप्रत्यक्ष पद्धत ६ लाख नफ्यापासून निघते, ३ लाख घसारा मिळवते, येण्यांचे ४ आणि साठ्याचे २ लाख वजा करते, देण्यांचा १ लाख मिळवते आणि पुन्हा ४ लाखांवरच येते. हा योगायोग नव्हे. पहिल्या पद्धतीत विक्रीतून येण्यांची वाढ आधी वजा होते आणि बेरीज नंतर. दुसरीत विक्री-खर्चाची वजाबाकी आधीच होऊन नफा तयार असतो आणि तीच वाढ नंतर वजा होते. आकडे तेच, फक्त कंस हलवलेले. गुंतवणूक आणि वित्तपुरवठ्याच्या भागांना तर ही निवड शिवतही नाही.

अप्रत्यक्ष मांडणीत घसारा 'अधिक' केलेला दिसतो, म्हणून घसाऱ्यातून पैसा येतो असे अनेकांना वाटते. याच व्यापाऱ्याने ३ ऐवजी ५ लाख घसारा लावला तर नफा ४ लाखांवर येईल, त्यात ५ मिळवून येण्या-साठ्या-देण्यांचे निव्वळ ५ वजा केले की उत्तर पुन्हा ४ लाखच. नफा काढताना जे रोख न देता कापले, ते परत ठेवले, इतकाच त्याचा अर्थ. घसाऱ्याने कर वाचतो, ही हरकत कोणी घेईल. पण आपल्याकडे आयकरासाठीचा घसारा आयकर कायद्याच्या दरांनी वेगळा काढला जातो. पुस्तकातला घसारा वाढवून कराचा चेक लहान होत नाही.

मग एकच उत्तर देणाऱ्या दोन पद्धती कशाला? कारण उत्तर एक असले तरी वाटेत दिसणारे वेगळे असते. प्रत्यक्ष पद्धतीत ५० लाखांच्या विक्रीवर ४६ लाखच हाती आले, हे उघडे पडते. अप्रत्यक्षमध्ये सहाचे चार का झाले, ते कळते. आंतरराष्ट्रीय मानक प्रत्यक्ष पद्धतीला उत्तेजन देते, तर सेबीच्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपन्यांनी वार्षिक अहवालात अप्रत्यक्षच वापरायची. प्रत्यक्षसाठी बँकेची प्रत्येक नोंद चाळावी लागते, हेही खरे नाही. आपले लेखा मानक ३ विक्री आणि खर्चाचे आकडे वर केले तसे समायोजित करायला मुभा देते. मात्र तेव्हा ओळी चुकू शकतात. समजा, त्या ९ लाख खर्चात ५० हजारांची बुडीत उधारी आहे. मग खरी वसुली ४५.५० लाख आणि खर्चापोटी दिले ८.५० लाख. बेरीज तरीही ४ लाखच, पण ४६ लाख वसुली लिहिणे चूक ठरले असते.

एकूण आकडाच बिघडवणारी चूक वेगळी. देण्यांच्या १ लाख वाढीत ६० हजार नव्या रॅकच्या विक्रेत्याचे असतील, तर मालाची देणी फक्त ४० हजारांनी वाढली. पुरवठादारांना दिले ३३.६० लाख आणि कामकाजाची रोकड ३.४० लाख. ही चूक शेवटच्या बँक शिलकीशी ताळा करून सापडत नाही, कारण गुंतवणुकीच्या भागात रॅकची पूर्ण किंमत दिली असे लिहिले जाते आणि एकीकडचे ६० हजार दुसरीकडे भरून निघतात. दोन्ही पद्धती ताळेबंदावरूनच केल्या असतील, तर त्याही एकमेकींना दुजोरा देत चुकतात. ती पकडायची तर धनकोंची यादी उघडून माल देणारे आणि मालमत्ता विकणारे वेगळे काढावे लागतात, किंवा पुरवठादारांना गेलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यावरून मोजावी लागते.