३५ टक्के वाढ, पण कशाच्या तुलनेत?

‘ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टोअरची विक्री ३५ टक्क्यांनी वाढवली. शॉर्टेज १.२ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आणलं. ३२ जणांची टीम सांभाळली. दोन शिफ्टचं नियोजन केलं.’ किराणा सुपरमार्केटच्या स्टोअर मॅनेजरसाठी जाहिरात दिली की येणाऱ्या बायोडेटांत थोड्याफार फरकाने ह्याच चार ओळी असतात. त्या खोट्या असतातच असं नाही. पण खरा आकडाही दिशाभूल करू शकतो, आणि मुलाखत घेणारे बरेचदा आकडा बघूनच खूश होतात. म्हणून नमुन्यादाखल असाच एक बायोडेटा घेऊ. तालुक्याच्या गावातलं सहा हजार चौरस फुटांचं स्टोअर, महिन्याची सरासरी विक्री ८० लाख, म्हणजे वर्षाला ९ कोटी ६० लाख.

पहिली ओळ विक्रीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या स्टोअरने ८० लाखांचा धंदा केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये १ कोटी ८ लाखांचा. ३५ टक्क्यांचं गणित चोख आहे. आता कालनिर्णय काढा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. फराळाचं सामान, तेलाचे डबे, सुकामेवा, उटण्याचे साबण ही खरेदी एका वर्षी ऑक्टोबरचे शेवटचे दिवस आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा अशी विभागली गेली, तर दुसऱ्या वर्षी जवळपास सगळी ऑक्टोबरमध्येच उरकली. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर जोडून विचारायचं. उमेदवाराने सांगितलं, नोव्हेंबर २०२३ ला १ कोटी, नोव्हेंबर २०२४ ला ८४ लाख. बेरीज झाली १ कोटी ८० लाख आणि १ कोटी ९२ लाख. वाढ साडेसहा-सात टक्के. ३५ मधला मोठा वाटा पंचांगाचा निघाला.

उरलेली साडेसहा-सात टक्के तरी कोणाची? इथे दुसरा प्रश्न येतो: बिलं किती फाटली? विक्री म्हणजे बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल. बिलं तेवढीच आणि बिलाची रक्कम तेवढी वाढलेली असेल, तर आधी भाववाढ बघावी. सप्टेंबर २०२४ च्या मध्यावर केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि ऐन फराळाच्या दिवसांत तेल महागलं. ग्राहकाने तेवढ्याच पिशव्या उचलल्या तरी स्टोअरची विक्री फुगली. त्यात मॅनेजरचं कर्तृत्व काय? उलट बिलांची संख्या वाढली असेल तर नवी माणसं दुकानात आली किंवा जुनी जास्त वेळा आली, आणि मग पुढे विचारण्यासारखं काही आहे.

साखळी स्टोअरमध्ये खरेदी, भाव आणि ऑफर हेड ऑफिस ठरवतं. मॅनेजरच्या हातात उरतं ते एवढंच की माल मागच्या गोडाऊनमध्ये पडून आहे आणि रॅक रिकामा आहे असं होऊ नये, संध्याकाळी काउंटरवरच्या रांगेला कंटाळून माणूस टोपली ठेवून निघून जाऊ नये, आणि रोज संपणाऱ्या मालाची मागणी वेळेत जावी. विक्रीच्या ओळीखाली ह्यातलं एखादं वाक्य असेल, अगदी ‘दुधाची दुसरी गाडी दुपारी चारला मागवायला सुरुवात केली’ एवढंच, तरी मला तो बायोडेटा ३५ टक्क्यांपेक्षा जास्त पटतो.

आकडा फुगवायची एक जुनी युक्तीही माहीत असलेली बरी. महिन्याचे शेवटचे तीन दिवस उरले, टार्गेटला पाच लाख कमी आहेत. मग गावातल्या एखाद्या दुकानदाराला तेलाचे डबे आणि साखरेची पोती घाऊक बिलावर दिली जातात. टार्गेट पूर्ण, इन्सेंटिव्ह खिशात, पण त्या मालावर मार्जिन जवळजवळ नाही आणि घरगुती ग्राहकासाठी रॅकवर तेल नाही. महिनाअखेरीस सरासरी बिल अचानक उडी मारतं आणि त्याच महिन्यात मार्जिन घसरतं, ही त्याची खूण. उमेदवाराला सरळ विचारावं, ‘घाऊक बिलं किती व्हायची?’ ज्याने स्टोअर चालवलंय तो आकडा सांगतो, किंवा निदान हसतो. ज्याला प्रश्नच कळत नाही त्याने विक्री लांबून पाहिलेली असते. टार्गेट खरंच गाठलं होतं का, हे इन्सेंटिव्ह दाखवणाऱ्या पगारपत्रकावरून कळतं. जुन्या कंपनीचे विक्रीचे तक्ते मात्र मागू नयेत. आणि एखादा उमेदवार ते आपणहून मोबाइलवर दाखवू लागला, तर उद्या तुमचेही तक्ते असेच फिरतील.

दुसरी ओळ मालाची, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. पुस्तकी साठा आणि मोजलेला साठा ह्यांतली तूट म्हणजे शॉर्टेज. चोरी, चुकीचं बिलिंग, आवक घेताना न मोजलेली खोकी, ह्या सगळ्यांची ती गोळाबेरीज. ९ कोटी ६० लाखांवर १.२ टक्के म्हणजे साडेअकरा लाख, ०.४ टक्के म्हणजे जेमतेम पावणेचार. वर्षाला पावणेआठ लाख वाचवणारा माणूस कोणालाही हवा असतो. पण तूट कागदावर कमी करायचे मार्गही आहेत. पूर्ण स्टॉक मोजलाच नाही तर तूट दिसणार नाही. मुदत संपलेला, फुटलेला, उंदराने कुरतडलेला माल ‘डंप’ म्हणून वेगळा लिहिला जातो. चोरीला गेलेलाही त्यातच ढकलला तर शॉर्टेज उतरतं आणि डंप वाढतो. आणि तिसरा, सगळ्यांत वाईट मार्ग म्हणजे तुटीचे पैसे स्टोअरमधल्या मुलांच्या पगारातून कापून घेणं.

तेव्हा शॉर्टेजच्या शेजारी डंपचा आकडा मागायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. आपल्या उमेदवाराचा डंप ०.५ वरून ०.९ वर गेला होता. म्हणजे एकूण नुकसान १.७ वरून १.३ वर आलं. सुधारणा आहेच, पण बायोडेटा सांगतो त्याच्या निम्मी. मग विचारायचं, नेमकं काय केलंत? ‘कडक देखरेख ठेवली’ हे उत्तर नव्हे. ह्याने सांगितलं ते असं: आवक आली की वरचं लेबल वाचून जीआरएन करायचा प्रकार बंद केला, पाचातलं एक खोकं उघडून नग मोजू लागलो, तेव्हा एका वितरकाच्या मालात सतत दोन-तीन नग कमी निघायचे. शिवाय रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एकाच रॅकची मोजणी; रेझर ब्लेड, सुकामेवा, चॉकलेट, डिओ ह्यांची आठवड्यातून दोनदा. कारण खिशात मावतं आणि महाग असतं तेच आधी जातं. एवढं तपशिलात कोणी बनवून सांगत नाही.

डंप का वाढला ह्याचं उत्तर मात्र गुळमुळीत आलं. बिस्किटं, दही, ब्रेड ह्यांत आधी मुदत संपणारा माल पुढे लावायचा असतो, आणि बऱ्याच कंपन्या मुदतीच्या ठरावीक दिवस आधी कळवलं तरच माल परत घेतात. ती तारीख चुकली की नुकसान दुकानाचं. ‘सर, ते डिपार्टमेंटवाले बघायचे,’ असं तो म्हणाला. बायोडेटात मात्र इन्व्हेंटरी पूर्ण आपल्याकडे असल्याचं लिहिलं होतं.

३२ जणांच्या टीमवर फार वेळ घालवायची गरज नाही. एकच प्रश्न पुरतो. पगार कोण देत होतं? इथे कंपनीच्या पटावरचे १४, एजन्सीचे सफाई, सुरक्षा आणि हमालीचे १०, आणि साबण-शाम्पू कंपन्यांनी उभे केलेले प्रमोटर ८. प्रमोटर त्याच्या कंपनीचंच ऐकतो, एजन्सीचा माणूस महिन्याला बदलतो. खरी देखरेख १४ जणांची. त्यांतले वर्षभरात किती सोडून गेले आणि कोणाला बढती मिळाली, हे विचारावं. ‘एक कॅशियर होती, ती आता डिपार्टमेंट मॅनेजर आहे,’ असं एक उदाहरण मिळालं तरी पुष्कळ.

शिफ्टच्या ओळीची परीक्षा तोंडी घेऊ नये. कोरा कागद आणि पेन द्यावं. दुकान सकाळी ९ ते रात्री १०, काउंटर पाच, कॅशियर सहा, गर्दी साडेसहा ते नऊ. आठवड्याचं वेळापत्रक मांडा. जेवणाचा तास धरून नऊ तासांची पाळी असेल, तर बहुतेक जण साडेआठ ते साडेपाच आणि दीड ते साडेदहा अशा दोन पाळ्या आखतात. एक जण सुट्टीवर, म्हणून सकाळी दोघे, दुपारी तिघे. ह्याचा परिणाम असा की दीड ते साडेपाच, जेव्हा दुकानात शुकशुकाट असतो, तेव्हा पाचही काउंटरना माणूस आहे, आणि सातच्या गर्दीत तिघेच.

आपल्या उमेदवाराने एका कॅशियरची पाळी अकरा ते आठ केली. आठपर्यंत चौथा काउंटर चालू. सुट्ट्या सोमवार ते शुक्रवारात बसवल्या, मंगळवारी दोघांना, म्हणजे शनिवार-रविवार सहाही हजर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झालेले असताना, मंगळवारची दुसरी सुट्टी एका दिवसाने सरकवली. ‘पण अकरापर्यंत एकच कॅशियर उरतो, त्याला चहाला जायचं असेल तर?’ ह्यावर तो थांबला नाही. ‘किराण्याच्या एका मुलाला बिलिंग शिकवलं होतं. त्याचा लॉगिन वेगळा, गल्ला वेगळा. कॅशियरच्या लॉगिनवर दुसऱ्याला बसवलं की रात्री पैसे कमी पडले तर कोणाचे, ह्यावर भांडण.’

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण त्याच्या कक्षेतल्या दुकानांत प्रत्येकाला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यावीच लागते, आणि रात्री साडेनऊनंतर महिलांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. साडेदहाच्या पाळीत त्याने दोन मुलींची नावं लिहिली होती. विचारल्यावर म्हणाला, एजन्सीची गाडी होती, पण संमती लेखी घेतली होती की नाही हे आठवत नाही. हे शिकवता येण्यासारखं आहे. गर्दीची वेळ आणि माणसं जुळवता न येणं हे सहा महिन्यांतही शिकवता येत नाही.

तर ह्या उमेदवाराचं काय करायचं? मी त्याला दुसऱ्या फेरीला बोलवीन, पण पुढ्यात विक्रीवाला नको, ऑडिटवाला बसवीन, आणि विषय फक्त डंपचा ठेवीन. त्याआधी त्याच्या संमतीने जुन्या एरिया मॅनेजरला एक फोन. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं तर ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारायचं की त्याच्या काळात पूर्ण स्टॉकची मोजणी किती वेळा झाली, ती स्टोअरच्याच माणसांनी केली की बाहेरच्यांनी, आणि तो गेल्यानंतरच्या पहिल्या मोजणीत तूट किती निघाली.